बिलं वाचणारं सॉफ्टवेअर किती बरोबर वाचतं? हिशेबनिसांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

म्हापसा, मडगाव, फोंडा इथल्या लहान अकाउंट्स ऑफिसांत आता खरेदीची बिलं हाताने टाइप करायच्या ऐवजी स्कॅन करून सॉफ्टवेअरकडून वाचून घेतात आणि पुढे टॅलीत ढकलतात. हे पान त्या वाचनाची तपासणी कशी करायची याबद्दल आहे. उदाहरण सगळीकडे एकच धरलं आहे: म्हापशातलं हार्डवेअरचं दुकान, एप्रिल ते सप्टेंबर २०२५ या सहा महिन्यांत ऑफिसात आलेली १,००० खरेदी बिलं. आकडे हिशेब कळावा म्हणून मांडलेले आहेत. चुका मात्र ज्यांनी हे काम केलंय त्यांच्या ओळखीच्याच निघतील.

विकणारा म्हणतो ९८ टक्के अचूकता. मग आणखी काय मोजायचं?

कशाची ९८ टक्के, ते आधी विचारा. अक्षरांची, रकान्यांची की अख्ख्या बिलांची? एका बिलात १० रकाने असतील आणि प्रत्येक रकाना ९८ टक्के वेळा बरोबर येत असेल, चुकाही एकमेकींशी संबंध नसल्यासारख्या विखुरल्या असतील, तर दहाही रकाने बरोबर असलेली बिलं सुमारे ८२ टक्केच उरतात. प्रत्यक्षात चुका वाईट बिलांवर गोळा होतात, त्यामुळे आकडा याहून थोडा बरा निघतो. पण ९८ नक्की नाही.

म्हणून रकानानिहाय मोजा. पुरवठादाराचा जीएसटीआयएन वेगळा, बिल क्रमांक वेगळा, तारीख वेगळी, करपात्र रक्कम वेगळी. सगळ्यांची सरासरी काढली की नावातली स्पेलिंगची चूक आणि हजारो रुपयांच्या कराची चूक एकाच भावाने मोजली जाते.

नमुना किती बिलांचा घ्यायचा?

सुरुवातीला १२० ते १५० बिलं पुरतात, पण त्यातून काय कळतं आणि काय कळत नाही हे माहीत हवं. एखाद्या रकान्यात ६० बिलांत एकही चूक सापडली नाही, तरी खरं प्रमाण ५ टक्क्यांपर्यंत असू शकतं. सोपा नियम असा की शून्य चुका निघाल्या तर ३ ला बिलांच्या संख्येने भागा, ती वरची मर्यादा. १५० बिलांत शून्य असतील तर २ टक्के, ३०० बिलांत शून्य असतील तर १ टक्का. चुका सापडल्या तर पट्टा आणखी रुंद होतो: २०० बिलांत ६ चुका म्हणजे ३ टक्के, पण खरं प्रमाण साधारण १.४ ते ६.४ टक्क्यांच्या मध्ये कुठेही असू शकतं. त्यामुळे "मागच्या महिन्यात ९७ होतं, आता ९६ झालं, सॉफ्टवेअर बिघडलं" असा निष्कर्ष १२० बिलांवरून काढू नका.

बिलं वरची वरची घेतली तर चालतील का?

नाही. वरच्या गठ्ठ्यात सहसा मोठ्या वितरकांची स्वच्छ छापील बिलं असतात. खालच्या पिशवीत डिचोलीच्या छोट्या पुरवठादाराची कार्बन कॉपी, पावसात ओल धरलेली, आणि वर दुकानाचा शिक्का नेमका क्रमांकावर. आधी गठ्ठे पाडा. आपल्या उदाहरणात ८०० बिलं छापील आणि २०० हस्तलिखित आहेत. दोन्हीतून प्रत्येकी ६० बिलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी काढली, म्हणजे हस्तलिखित गटाबद्दलही बोलण्याजोगं काही हाती येतं.

मात्र शेवटी वजन परत लावावं लागतं. बिल क्रमांकात छापील ६० पैकी १ आणि हस्तलिखित ६० पैकी ९ चुका निघाल्या. सरळ बेरीज केली तर १२० मध्ये १०, म्हणजे ८.३ टक्के. पण हस्तलिखित बिलं एकूण ढिगाऱ्याच्या पाचव्या हिश्श्याएवढीच आहेत. ०.८ × १.६७ + ०.२ × १५ असं केलं की खरा अंदाज येतो ४.३ टक्के. गठ्ठे पाडणं लोकांच्या लक्षात राहतं, वजन लावणं विसरतात.

दोन प्रकारची बिलं मात्र नमुन्यावर सोडूच नयेत. एक, रकमेने सगळ्यात मोठी. बहुतेक दुकानांत थोड्या बिलांत बराच कर अडकलेला असतो, ती सरसकट हाताने तपासा. दोन, क्रेडिट नोटा. त्या इतक्या कमी असतात की १२० च्या नमुन्यात एखादीच येते.

बरोबर उत्तर काय, हे ठरवायचं कोणी?

दोन माणसांनी, वेगवेगळं, मूळ बिल समोर ठेवून, आणि सॉफ्टवेअरने काय वाचलंय ते न बघता. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. पडद्यावर `4,560` आधीच दिसत असेल तर बिलावरचं ५,४६० आपण ४,५६० म्हणूनच वाचतो. दोघांच्या याद्या जिथे जुळत नाहीत तिथे तिसऱ्याने मूळ बिल पाहून निर्णय द्यायचा. त्या न जुळलेल्या जागा मोजूनही ठेवा, कारण माणसांचीही चूक होते. माणूस हस्तलिखित क्रमांक १०० पैकी ४ वेळा चुकत असेल, तर यंत्राकडून शून्याची अपेक्षा धरण्यात अर्थ नाही.

जुळलं असं कधी म्हणायचं? `0187` आणि `187` एकच का?

हा नियम मोजायला बसण्याआधी लिहून ठेवा, नाहीतर निकाल बघून नियम वाकतो. नियम रकान्यागणिक वेगळा असतो. रक्कम पैशापर्यंत जुळली पाहिजे, स्वल्पविराम कुठे आहे याला महत्त्व नाही. तारीख एका स्वरूपात आणून मगच तुलना करा. नावात `Traders` आणि `Traders.` एकच धरा.

बिल क्रमांकावर वाद होतो. जीएसटी नियम ४६ नुसार क्रमांक जास्तीत जास्त १६ चिन्हांचा असतो, त्यात अक्षरं, अंक, आडवी रेघ आणि तिरपी रेघ चालते, आणि एका आर्थिक वर्षात तो पुन्हा येत नाही. म्हणजे `BG/0187/25-26` मधली प्रत्येक खूण क्रमांकाचाच भाग. माझं मत असं: चूक मोजताना काटेकोर राहा, पण पुढचे शून्य आणि रेघा गळाल्याच्या चुका वेगळ्या रकान्यात मांडा. त्या एका छोट्या दुरुस्तीने सुटतात, अंकच चुकला असेल तर नाही.

रिकामा रकाना बरोबर धरायचा का?

इथे बऱ्याच जणांचा आकडा फुगतो. आयजीएसटीचा रकाना घ्या. दुकानाची बहुतेक खरेदी गोव्यातली, तिच्यावर सीजीएसटी आणि एसजीएसटी. १२० बिलांपैकी १५ वरच आयजीएसटी आहे, बेळगाव आणि कोल्हापूरची. आता असं सॉफ्टवेअर कल्पा जे हा रकाना कधी भरतच नाही. त्याची अचूकता १२० पैकी १०५, म्हणजे ८७.५ टक्के! एकही आयजीएसटी न वाचता.

म्हणून दोन प्रश्न वेगळे विचारा. जिथे बिलावर आकडा होता, त्यातले किती सापडले? आणि जिथे सॉफ्टवेअरने आकडा लिहिला, त्यातले किती खरे? शिवाय रिकामं सोडणं आणि चुकीचं भरणं यांत फरक करा. रिकाम्या रकान्याकडे हिशेबनीस बघतोच. भरलेल्याकडे कोणी बघत नाही.

गोव्यात आणखी एक भर. बार किंवा हॉटेलची बिलं असतील तर दारू जीएसटीबाहेर आहे, त्या खरेदीवर व्हॅट लागतो. अशा बिलावर जीएसटीचे रकाने रिकामे असणं हेच बरोबर उत्तर. तिथे सॉफ्टवेअर व्हॅटची रक्कम उचलून एसजीएसटीत टाकत नाही ना, एवढं जरूर बघा.

आपल्या उदाहरणात निकाल काय आला?

| रकाना | छापील ६० मध्ये चुका | हस्तलिखित ६० मध्ये चुका | वजन लावून अचूकता |
|---|---|---|---|
| पुरवठादाराचं नाव | ५ | १६ | ८८.० टक्के |
| बिल क्रमांक | १ | ९ | ९५.७ टक्के |
| तारीख | १ | ४ | ९७.३ टक्के |
| जीएसटीआयएन | १ | ३ | ९७.७ टक्के |
| करपात्र रक्कम | ० | ३ | ९९.० टक्के |
| कागदाचा प्रकार | १ | ० | ९८.७ टक्के |

७२० रकान्यांत ४४ चुका. तक्ता बघून कोणीही म्हणेल, नाव सुधारा, सगळ्यात वाईट तेच आहे. आणि तेच सगळ्यात शेवटी करायचं काम आहे. टॅलीतलं खातं जीएसटीआयएनवरून निवडलं जात असेल तर नावातल्या २१ चुकांनी एक रुपया हलत नाही.

मग कोणती चूक मोठी, हे ठरवायचं कसं?

प्रत्येक चुकीला दोन प्रश्न विचारा. हिच्यामुळे किती रुपये हलतात? आणि ही आपोआप उघडी पडते का? बोंब मारणारी चूक संख्येने जास्त असली तरी परवडते, तिला फक्त वेळ लागतो. गप्प बसणारी चूक एकच असली तरी ती विवरणपत्रात जाऊन बसते. वरच्या ४४ चुका अशा चाळल्या तर खऱ्या अर्थाने गप्प चारच निघतात. त्या एकेक बघू.

पहिली कागदाच्या प्रकाराची. पुरवठादाराने पीव्हीसी पाइप परत घेतले आणि ४०,००० रुपयांची क्रेडिट नोट दिली, १८ टक्क्यांनी कर ७,२००. सॉफ्टवेअरने ती खरेदी बिल म्हणून वाचली. जीएसटीआयएन बरोबर, तारीख बरोबर, रकमांची बेरीज पैशापर्यंत बरोबर. ताळा जमला. पण जे क्रेडिट ७,२०० ने कमी व्हायला हवं होतं ते ७,२०० ने वाढलं, म्हणजे १४,४०० चा फरक, आणि खरेदी ८०,००० ने फुगली. चुकीचं घेतलेलं क्रेडिट वापरलं गेलं की त्यावर वर्षाला १८ टक्के व्याज. तक्त्यात ही ओळ ९८.७ टक्के म्हणून हसत उभी आहे.

दुसरी तारखेची. पाच चुकांपैकी चार त्याच महिन्यातल्या, ११ चे १७ वगैरे. महिन्याच्या विवरणपत्राला त्याने काही होत नाही. पाचवं बिल बेळगावचं, तारीख ३१/०३/२०२५, करपात्र ६२,०००, आयजीएसटी ११,१६०. ते उशिरा, सप्टेंबरच्या गठ्ठ्यात आलं, आणि ३ चा ८ होऊन ३१/०८/२०२५ असं वाचलं गेलं. आता पुढे काय होतं ते बघा. पुरवठादाराने ते मार्चच्या विवरणपत्रात दाखवलं होतं, त्यामुळे ते १४ एप्रिलला तयार झालेल्या मार्चच्या जीएसटीआर-२बी मध्ये पडून आहे. ऑफिस ते ऑगस्टच्या २बी मध्ये शोधतं. सापडत नाही. शेऱ्यात लिहिलं जातं "पार्टीने अपलोड केलं नाही", बेळगावला फोन होतो, तो म्हणतो केलंय, आणि विषय दसऱ्यानंतर, मग दिवाळीनंतर. कलम १६(४) नुसार २०२४-२५ च्या बिलाचं क्रेडिट घेण्याची मुदत ३० नोव्हेंबर २०२५ किंवा वार्षिक विवरणपत्र भरल्याची तारीख, यांतली जी आधी ती. चुकीच्या तारखेमुळे ऑफिसला वाटतं हातात २०२६ चा नोव्हेंबर आहे. ११,१६० रुपये गेले, आणि खरेदीही चुकीच्या वर्षात बसली.

ही चूक खरं तर ओरडत होती, पण तिचा आवाज पुरवठादाराच्या नावावर जमा झाला. ताळमेळ न लागलेल्या यादीत "पुरवठादाराची चूक" लिहिण्याआधी मूळ बिल एकदा उघडा, तेही मागच्या वर्षाची २बी शेजारी ठेवून.

तिसरी जीएसटीआयएनची. ती पुढच्या प्रश्नात. चौथी रकमेची, त्याच्या पुढच्यात.

जीएसटीआयएन बरोबर वाचला की नाही, हे बिल न बघता कळतं का?

बरंचसं कळतं. १५ चिन्हांपैकी पहिले दोन अंक राज्याचे: गोवा ३०, महाराष्ट्र २७, कर्नाटक २९. पुढची दहा पॅनची. शेवटचं चिन्ह आधीच्या चौदांवरून काढलेलं ताळ्याचं चिन्ह. ते असं तपासता येतं:

```python
C = "0123456789ABCDEFGHIJKLMNOPQRSTUVWXYZ"
def ok(g):
    s = 0
    for i, ch in enumerate(g[:14]):
        p = C.index(ch) * (1 + i % 2)
        s += p // 36 + p % 36
    return C[(36 - s % 36) % 36] == g[14]
```

कोणतंही एकच चिन्ह चुकलं, `8` चं `B` किंवा `5` चं `S`, तर हा ताळा हमखास मोडतो. आपल्या नमुन्यातल्या चारपैकी तीन चुका इथेच अडकल्या.

चौथी सुटली, कारण तो क्रमांक पूर्ण खरा होता. फक्त तो पुरवठादाराचा नव्हता, दुकानाचा स्वतःचा होता. बिलावर विकणारा आणि घेणारा दोघांचे क्रमांक असतात, कधी ट्रान्सपोर्टवाल्याचाही, आणि सॉफ्टवेअरने खालचा उचलला. उपाय फुकटातला आहे: आपल्या अशिलांचे जीएसटीआयएन एका यादीत ठेवा आणि पुरवठादाराच्या रकान्यात त्यातला आला की थांबवा. मात्र अशिलच एकमेकांना माल विकत असतील, तर फक्त ज्याचं बिल आहे त्याच्याच क्रमांकाशी तुलना करा.

राज्याचा अंक आणि कराचा प्रकारही जुळवून पाहा. २९ चा पुरवठादार आणि बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी असेल तर वाचन चुकलं असण्याची शक्यता मोठी. पण प्रत्येक वेळी नाही. मालक कोल्हापूरला हॉटेलात राहिले तर त्या बिलावर महाराष्ट्राचाच सीजीएसटी-एसजीएसटी येतो. वाचन बरोबर असतं, फक्त ते क्रेडिट गोव्यात घेता येत नाही.

करपात्र रक्कम अधिक कर बरोबर एकूण, हा ताळा असताना रकमेची चूक सुटेल कशी?

सॉफ्टवेअर स्वतःच आकडेमोड करत असेल तर सुटते. तीन चुकांपैकी दोन या ताळ्याने पकडल्या. तिसऱ्या बिलावर कार्बन इतका फिका होता की कर आणि एकूण दोन्ही वाचता आले नाहीत. करपात्र रक्कम ५,४६० ची ४,५६० वाचली गेली. मग १८ टक्क्यांनी कर सॉफ्टवेअरनेच काढला, ८२०.८०, आणि एकूण ५,३८०.८०. बेरीज अर्थातच जमली, तिन्ही आकडे एकाच चुकीची पोरं. बिलावर प्रत्यक्षात कर ९८२.८० आणि एकूण ६,४४२.८० होता.

म्हणून विकणाऱ्याला विचारा: कोणता आकडा कागदावरून वाचला आणि कोणता काढला, हे वेगळं दाखवता येतं का? येत नसेल तर तो ताळा तुमच्यासाठी ताळाच नाही.

जुन्या मुनिमांची युक्ती इथे अजून चालते. फरक ९ ने पूर्ण भागला जात असेल तर अंकांची अदलाबदल किंवा दशांश सरकल्याचा संशय घ्या. इथे फरक ९००. पुरवठादाराच्या खातेउताऱ्याशी मेळ घालताना हे उपयोगी पडतं.

एक सावधगिरी: नमुन्यातल्या रकमेच्या चुका बेरीज करून मांडताना अधिक-उणे एकमेकांत वळते करू नका. एका बिलात ९०० कमी आणि दुसऱ्यात ९०० जास्त म्हणजे निव्वळ शून्य, पण चूक १,८०० चीच.

बिल क्रमांकाच्या १० चुका मग किरकोळच ना?

जवळजवळ. सात चुका शून्य किंवा रेघ गळाल्याच्या होत्या, त्या २बी शी जुळवताना दिसतात आणि वेळ खातात. उरलेल्या तीन अंकांच्या. त्यांची भीती वेगळी आहे. मालक आधी बिलाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो, महिनाअखेरीस कागदही देतो. एकाच बिलाचं वाचन दोनदा होतं. दोन्ही वेळा क्रमांक सारखा वाचला गेला तर दुहेरी नोंद अडते. एकदा `412` आणि एकदा `472` वाचला गेला तर दोन बिलं झाली. म्हणून दुहेरीचा शोध फक्त क्रमांकावर ठेवू नका. तोच पुरवठादार, तीच तारीख, तीच एकूण रक्कम असेल तर माणसाला दाखवा.

नियम लावल्यावर पुन्हा काय मोजायचं?

आता रकान्याची अचूकता दुय्यम. सगळे ताळे पार करून जी बिलं "ठीक" म्हणून पुढे गेली, फक्त त्यांच्यातून नवा नमुना काढा आणि त्यात किती पैशाच्या चुका निसटल्या ते मोजा. शिवाय किती बिलं माणसाकडे अडली तेही. १,००० पैकी ४०० अडत असतील तर सॉफ्टवेअर घेऊन हाताने टाइप केल्यासारखंच झालं. तारखेसाठी "चालू तिमाहीबाहेरची तारीख अडवा" असा नियम लावला, तर बेळगावचं ते बिल सुटेलच, कारण ३१ ऑगस्ट चालू तिमाहीतच येते. तिथे २बी चाच मेळ लागतो, चालू आणि मागच्या वर्षाच्या सगळ्या महिन्यांशी.

पहिला नमुना मात्र जपून ठेवा आणि त्यावर नियम सुधारत बसू नका. त्याच १२० बिलांवर घासून घासून १०० टक्के आणणं अवघड नाही. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, किंवा एखाद्या मोठ्या पुरवठादाराने बिलाचा नमुना बदलला, की तोच जुना गठ्ठा परत चालवायचा आणि शेजारी त्या पुरवठादाराची ताजी वीसेक बिलं ठेवायची.